खजिनदाराच्या कपाटातले दहा कोड

२०२४च्या सप्टेंबरात पाच दिवसांच्या अंतराने दोन बातम्या आल्या. २० तारखेला सर्वोच्च न्यायालयाचे यूट्यूब चॅनेल उघडणाऱ्यांना न्यायमूर्तींऐवजी एका अमेरिकी कंपनीच्या आभासी चलनाचे व्हिडिओ दिसू लागले. ज्या चॅनेलवर घटनापीठासमोरच्या सुनावण्या थेट दाखवल्या जातात, तेच हे चॅनेल. २५ तारखेच्या रात्री मुंबईचा यूट्यूबर रणवीर अलाहाबादिया याच्या चॅनेलांचा ताबा गेला. चोरांनी चॅनेलचे नाव बदलून टेस्लाशी जुळणारे केले.

दोन्हीकडे चोरांना व्हिडिओ नको होते. त्यांना हवा होता तयार प्रेक्षक. जत्रेत दुसऱ्याचा मांडव बळकावला की माणसे गोळा करण्याची मेहनत वाचते, तसाच हा प्रकार. चॅनेलचे नाव बदलायचे, एखाद्या प्रसिद्ध उद्योगपतीचे जुने भाषण ‘थेट’ म्हणून लावायचे, खाली ‘इथे पैसे पाठवा, दुप्पट मिळवा’ असा क्यूआर कोड चिकटवायचा, आणि सदस्यांच्या मोबाइलवर आपोआप सूचना जाईपर्यंत थांबायचे. गूगलच्याच सुरक्षा पथकाने २०२१च्या ऑक्टोबरात सांगितले की असे चोरलेले चॅनेल बाजारात ३ डॉलरपासून ४,००० डॉलरपर्यंत विकले जात होते. भाव ठरत असे तो सदस्यसंख्येवर.

म्हणजे तीन डॉलरचे गिऱ्हाईकही आहे. आपले चॅनेल लहान आहे, त्याला कोण हात लावणार, हा युक्तिवाद तिथेच संपतो.

त्या वर्षी १ नोव्हेंबरपासून यूट्यूबने कमाई करणाऱ्या चॅनेलांना एक अट घातली. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू नसेल तर यूट्यूब स्टुडिओत शिरता येणार नाही. गणेशोत्सवाची आरती, गावच्या सप्ताहातले कीर्तन, शाळेचे स्नेहसंमेलन थेट दाखवणारी असंख्य मराठी चॅनेले कमाईच्या यादीत नसतात, त्यामुळे त्यांच्यावर ही सक्ती आली नाही. मात्र गूगलने २०२२च्या फेब्रुवारीत आपला अनुभव जाहीर केला तो त्यांनीही वाचण्यासारखा आहे. पंधरा कोटींहून अधिक लोकांच्या खात्यांवर ही दुसरी पायरी गूगलने स्वतःहून चालू केली होती, आणि त्या खात्यांमधल्या घुसखोऱ्या निम्म्याने घटल्या.

ही दुसरी पायरी म्हणजे साधी गोष्ट. पासवर्ड ही तुम्हाला ठाऊक असलेली गोष्ट; ती कोणी ऐकू शकतो, वाचू शकतो, दुसऱ्या एखाद्या फुटलेल्या संकेतस्थळावरून उचलू शकतो. म्हणून खाते दुसरा पुरावा मागते, आणि तो तुमच्या हातात असलेल्या वस्तूतून यावा लागतो. मोबाइलवर आलेला ‘हो, मीच आहे’ असा प्रश्न, एसएमएसने आलेला ओटीपी, किंवा ऑथेंटिकेटर ॲपमध्ये दर तीस सेकंदांनी बदलणारा सहा आकड्यांचा कोड. हे ॲप कोणाकडून काही मागवत नाही. सुरुवातीला क्यूआर कोड स्कॅन करताना एक गुपित क्रमांक मोबाइलमध्ये साठतो. पुढे मोबाइल तो क्रमांक आणि घड्याळातली वेळ यांचे गणित करतो, गूगलचा संगणकही तेच गणित करतो, आणि दोघांचे उत्तर जुळले की दार उघडते. म्हणून विमानात, तळघरात, रेंज नसलेल्या घाटातही हे ॲप चालते. रोमिंग बंद असलेले भारतीय सिम घेऊन परदेशी राहणाऱ्यांना ओटीपीचा एसएमएस मिळत नाही. त्यांचे काम या ॲपने होते. कोड अचूक टाकूनही ‘चूक’ म्हणून परत येत असेल, तर बहुधा मोबाइलचे घड्याळ मागे-पुढे झालेले असते. सेटिंगमध्ये वेळ ‘आपोआप’ केली की प्रश्न सुटतो.

आता चालू करण्याविषयी. संगणकावर चॅनेलच्या खात्यातून `myaccount.google.com` उघडायचे, `Security` या भागात जायचे आणि `2-Step Verification` वर टिचकी मारायची. पासवर्ड पुन्हा विचारला जातो, मोबाइल क्रमांक मागितला जातो, त्यावर आलेला कोड भरला की पायरी चालू. बहुतेक जण इथे थांबतात आणि समाधानाने संगणक बंद करतात. खरे काम त्याच पानावर थोडे खाली असते. तिथे `Authenticator` आहे, ते जोडून घ्यावे. आणि तिथेच `Backup codes` अशी एक ओळ आहे.

ती ओळ उघडली की दहा कोड मिळतात. प्रत्येक आठ आकड्यांचा, चार-चार आकड्यांच्या दोन गटांत लिहिलेला. प्रत्येक कोड एकदाच चालतो आणि वापरला की बाद होतो. छापून घेतले तर कागदावर ते कोणत्या दिवशी काढले ती तारीखही येते. ती तारीख कापून टाकू नये, कारण पुन्हा नवे दहा कोड काढले की जुने सगळेच्या सगळे निकामी होतात. दोन वर्षांनी कपाटात दोन कागद सापडले, तर कोणता जिवंत आणि कोणता मेलेला हे ओळखायला त्या तारखेशिवाय दुसरी खूण नाही.

हे कोड कशासाठी? मोबाइलच गेला तर, यासाठी. वरवर पाहता दुसऱ्या पायरीचे तीन मार्ग झाले: प्रश्न, ओटीपी, ॲप. पण तिन्ही एकाच खिशात असतात. मोबाइल हरवला की तिन्ही एकदम हरवतात.

एक मंडळ डोळ्यांसमोर आणू. पुण्याच्या पेठेतले म्हणा, इचलकरंजीचे म्हणा. आरती आणि विसर्जनाची मिरवणूक ते यूट्यूबवर थेट दाखवते. चॅनेलचे खाते ज्या कार्यकर्त्याच्या मोबाइलवर आहे, त्याचा मोबाइल अनंत चतुर्दशीच्या गर्दीत दुपारी चार वाजता खिशातून जातो. मिरवणुकीचे प्रक्षेपण सहाला सुरू व्हायचे आहे. भाड्याने आणलेल्या लॅपटॉपवर तो खात्याचा पासवर्ड टाकतो. पासवर्ड बरोबर आहे. पुढच्या पानावर गूगल म्हणते, तुमच्या मोबाइलवर प्रश्न पाठवला आहे.

पहिला विचार येतो तो डुप्लिकेट सिमचा. मोबाइल कंपनीच्या दुकानात ओळखपत्र दाखवून ते मिळतेही. पण सिम बदलल्यावर पहिले चोवीस तास त्या क्रमांकावर एसएमएस बंद ठेवण्याचा आपल्याकडे नियम आहे. दुसऱ्याच्या नावाने सिम काढून बँकेचे ओटीपी पळवणाऱ्यांना आळा बसावा म्हणून तो आला, आणि योग्यच आहे. पण या कार्यकर्त्याला सहाच्या आत ओटीपी हवा आहे, आणि तोवर गणपती विसर्जनघाटावर पोहोचलेला असेल.

दुसरा विचार ऑथेंटिकेटरचा. २०२३च्या एप्रिलपासून गूगलचे हे ॲप आपले कोड गूगल खात्यात साठवून ठेवू शकते, म्हणजे नव्या मोबाइलवर ते परत येतात. पण ते ज्या खात्यात साठले आहेत त्याच खात्यात शिरायला तर ते हवे आहेत! तिजोरीची किल्ली तिजोरीतच ठेवून दार लोटून घेतल्यासारखे.

तिसरा मार्ग म्हणजे गूगलच्या खाते-परतीच्या पानावर अर्ज करणे. जुन्या ओळखीच्या संगणकावरून, नेहमीच्या जागेवरून अर्ज केला तर आशा अधिक. पण गूगल स्वतःच सांगते की पडताळणीला काही तास किंवा काही दिवस लागू शकतात. भाड्याचा लॅपटॉप आणि मिरवणुकीतल्या मोबाइलचे हॉटस्पॉट ही गूगलच्या दृष्टीने दोन्ही अनोळखी.

उरतो तो कागद. लॅपटॉपच्या पानावर `Try another way` वर टिचकी मारली की पर्यायांच्या यादीत आठ आकड्यांचा बॅकअप कोड टाकण्याची ओळ दिसते. कार्यकर्ता दुसऱ्याच्या मोबाइलवरून खजिनदारांना फोन लावतो. ते घरी जातात, कपाटातले पाकीट फोडतात, पहिला कोड वाचून दाखवतात आणि त्यावर पेनाने काट मारतात. साडेपाचपर्यंत खाते उघडलेले असते.

यात एक बारीक गोष्ट आहे. खजिनदारांनी कोड वाचला तो ओळखीच्या आवाजाला, तो मुलगा खरेच अडचणीत आहे हे दुसऱ्या एका कार्यकर्त्याकडून विचारून घेतल्यावर. ‘यूट्यूबमधून बोलतोय, तुमचे चॅनेल बंद होणार आहे, आठ आकडी कोड सांगा’ असा फोन आला तर तो चोराचाच. बॅकअप कोड फोनवरून मागण्याचे यूट्यूबला काही कारण नसते. खाते उघडायचे असते तेव्हा तो कोड फक्त लॉगिनच्या पानावर टाकायचा असतो, आणि त्या पानाचा पत्ता `accounts.google.com` असाच सुरू झालेला आहे ना, हे आधी पाहायचे असते.

भाड्याच्या लॅपटॉपवर `Don't ask again on this device` ही खूण लागलेली असेल तर ती काढावी, नाहीतर पुढच्या गिऱ्हाइकाच्या हाती गेलेला लॅपटॉप गूगलला ‘विश्वासू’ वाटत राहतो. खाते उघडल्यावर पहिले काम म्हणजे खात्यातल्या `Your devices` या यादीतून हरवलेला मोबाइल बाहेर काढणे. प्रक्षेपण संपल्यावर लॅपटॉपमधून लॉगआउट. घरी परतल्यावर पासवर्ड बदलणे, जुन्या मोबाइलवरचे ऑथेंटिकेटर काढून नव्यावर जोडणे, आणि बॅकअप कोडचा नवा संच काढणे. पाकीट फुटले आहे, एक कोड फोनवर मोठ्याने वाचला गेला आहे. उरलेले नऊ तसेच ठेवण्यात अर्थ नाही.

खरे तर त्या व्हिडिओवाल्याच्या लॅपटॉपवर खाते उघडण्याची गरजच पडू नये अशी व्यवस्था करता येते, आणि ती फार थोड्या मंडळांना माहीत असते. ओबीएससारख्या सॉफ्टवेअरमधून प्रक्षेपण करणाऱ्याला पासवर्ड लागत नाही. त्याला लागते ती स्ट्रीम की, म्हणजे स्टुडिओतून मिळणारी एक लांबलचक अक्षरओळ. ती ओबीएसमध्ये चिकटवली की चित्र चॅनेलवर जाऊ लागते. कार्यक्रम संपला की स्टुडिओत जाऊन ती की रीसेट करायची. जुनी तिथल्या तिथे निरुपयोगी होते. आणि जे कार्यकर्ते वर्षभर चॅनेल सांभाळतात, त्यांना स्टुडिओच्या `Permissions` मध्ये त्यांच्या स्वतःच्या गूगल खात्यावर व्यवस्थापक किंवा संपादक म्हणून जोडता येते. मग पासवर्ड एकाचाच राहतो आणि मिरवणुकीत एकाचा मोबाइल गेला तरी दुसरा आपल्या खात्यातून आत जातो. अर्थात प्रत्येकाला आपापल्या खात्यावर दुसरी पायरी चालू करावी लागते. पाचपैकी चौघांनी केली आणि पाचव्याने नाही, तर चोर पाचव्याच्याच दारातून येतो.

कागद कुठे ठेवावा, यावर लोक बरेच चुकतात. सर्वांत सोपा वाटणारा मार्ग म्हणजे स्क्रीनचा फोटो काढणे. तो फोटो त्याच मोबाइलमध्ये राहतो आणि बहुतेकदा त्याच गूगल खात्याच्या फोटो-साठ्यात आपोआप जातो. मोबाइल गेला की फोटोही गेला. साठ्यातला फोटो बघायला खाते उघडावे लागते, आणि खाते उघडायला तो फोटो हवा असतो. कोड स्वतःलाच ई-मेल करणे किंवा त्याच खात्याच्या ड्राइव्हवर फाइल ठेवणे हाही त्यातलाच प्रकार. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणे त्याहून वाईट. शंभर जणांच्या मोबाइलमध्ये उतरलेले आकडे नंतर कोणी परत गोळा करू शकत नाही.

कागद हे इथले चांगले साधन आहे. इंटरनेटवरून कागदात कोणी शिरत नाही. एक प्रत खजिनदारांच्या घरी, जिथे नोंदणीचे प्रमाणपत्र आणि बँकेचे पासबुक असते त्या फाइलमध्ये. दुसरी वेगळ्या घरात. दोन्ही बंद पाकिटात, पाकिटाच्या तोंडावर अध्यक्षांची आडवी सही. सही मोडलेली दिसली की पाकीट उघडले गेले हे कळते. कागदावर पासवर्ड लिहू नये. पासवर्डाशिवाय हे आठ आकडे कोणाच्या कामाचे नाहीत, आणि तो कागद चुकून रद्दीत गेला तरी फार बिघडत नाही, ही त्याची खुबी पासवर्ड शेजारी लिहून घालवू नये. इंकजेट प्रिंटरची शाई कोकणातल्या पावसाळी दमट कपाटात फुटते. साध्या बॉलपेनाने हाताने लिहिलेली प्रत अधिक टिकते. लिहिताना १ आणि ७ मध्ये गफलत होते, म्हणून लिहून झाल्यावर दुसऱ्याकडून एकदा वाचवून घ्यावे. पासवर्ड मॅनेजर वापरणाऱ्यांनी कोड त्यात ठेवायला हरकत नाही, मात्र त्या मॅनेजरचे कुलूप याच गूगल खात्याने उघडत नसावे.

कार्यकारिणी बदलली की कोडही बदलावेत. जुन्या खजिनदारांवर अविश्वास म्हणून नव्हे. चाव्या, चेकबुक आणि पावतीपुस्तक हस्तांतरित होतात, तसे हेही. नवा संच काढला की जुन्यांच्या घरी राहिलेला कागद आपोआप रद्दी होतो, आणि कोणाकडे मागायला जावे लागत नाही.

एवढे करूनही दुसरी पायरी काय थांबवत नाही, हे सांगितले नाही तर वाचकाची फसवणूक होईल. २०२३च्या मार्चमध्ये कॅनडातल्या ‘लायनस टेक टिप्स’ या दीड कोटी सदस्यांच्या तंत्रज्ञानविषयक चॅनेलवर टेस्लाच्या नावाने बनावट प्रक्षेपण सुरू झाले. चॅनेलवाल्यांनी नंतर स्वतःच सांगितले की त्यांच्या एका कर्मचाऱ्याने जाहिरातीचा प्रस्ताव म्हणून आलेली फाइल उघडली होती. तिने त्याच्या संगणकातली सेशन कुकी पळवली. आपण एकदा लॉगिन झालो की ब्राउझर एक चिठ्ठी जपून ठेवतो, ‘या माणसाची तपासणी झालेली आहे’ अशी. चोराने ती चिठ्ठीच आपल्या संगणकात नेली, की त्याला ना पासवर्ड विचारला जातो, ना दुसरा पुरावा. दाराला दोन कुलपे आहेत, पण चोर आत आलेल्या माणसाच्या हातावरचा शिक्का उतरवून घेऊन आला आहे.

याला उपाय वेगळा आहे. जाहिरातीचे, प्रायोजकत्वाचे, ‘तुमच्या चॅनेलविरुद्ध कॉपीराइट तक्रार’ असे सांगत आलेल्या मेलमधली फाइल चॅनेल चालवणाऱ्या संगणकावर उघडू नये. विशेषतः पासवर्ड घातलेली झिप फाइल, कारण तसा पासवर्ड घातल्याने व्हायरस तपासणाऱ्या यंत्रणेला आत डोकावता येत नाही. आणि कोणी आत शिरल्याची शंका आली, तर `Your devices` मधून सगळ्या उपकरणांचे लॉगिन तोडून पासवर्ड बदलावा. त्याने पळवलेली चिठ्ठीही बाद होते.

घुसखोरी झाली आहे की नाही हे कोडच्या पानावरूनही कळते. तिथे वापरलेले आणि शिल्लक कोड दिसतात. तुमच्या कागदावर दहाही बिनकाटलेले असतील आणि पानावर आठच शिल्लक असतील, तर दोन कोड दुसऱ्या कोणी तरी वापरले आहेत. असे दिसताच त्याच क्षणी नवा संच काढावा, पासवर्ड बदलावा आणि मगच चौकशी करत बसावे.

शेवटची सूचना पाकीट ठेवून विसरून गेलेल्यांसाठी. गणपती बसायच्या आठवडाभर आधी एकदा ब्राउझरची खाजगी खिडकी उघडून चॅनेलच्या खात्यात शिरून पाहा, मोबाइल बाजूला ठेवून, फक्त पासवर्ड आणि कागदावरचा एक कोड यांच्या जोरावर. दार उघडले तर कोडावर काट मारा, पाकीट नव्याने बंद करा, सही करा. नऊ शिल्लक आहेत. उघडले नाही, तर कागदावरची तारीख पाहा.